‘ताई, हे बघ ना, अभ्यासाला मदत कर’: आलेल्या स्लाइडमधून फ्लॅशकार्डं आणि प्रश्नसंच कसा बनवायचा

माझी मावसबहीण बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. एका रविवारी तिच्याकडून बेचाळीस स्लाइडची पीडीएफ आली आणि खाली एकच ओळ: ‘ताई, हे बघ ना, अभ्यासाला मदत कर.’ परीक्षा कधी, लेखी की तोंडी, नेमकं काय अडलंय, यातलं काही नव्हतं. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे अशा फाइली मला वर्षभर येत असतात आणि सोबतचा निरोप जवळजवळ नेहमी एवढाच असतो. तो विषय होता किडनीचं काम. तीच फाइल समोर ठेवून मी काय करते ते इथे क्रमाने सांगते.

आधी एक गोष्ट ठरवून टाकावी. ‘मदत कर’ असं कोणी म्हणालं की पटकन स्लाइडचा सारांश काढून द्यावासा वाटतो. तो देऊ नये. स्लाइड हा मुळातच सारांश असतो, आणि सारांशाचा सारांश वाचून ‘हो, हे मला येतं’ एवढंच वाटतं. २००६ साली रॉडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला तो आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पाठवायचे ते प्रश्न. कोणते आणि कसे, याचं उत्तर बहुतेक वेळा फाइलमध्येच सापडतं.

उलटे दहा प्रश्न विचारू नका, फाइल विचारा

मुलगी अभ्यासाच्या धास्तीत असते. तिला ‘किती गुणांची परीक्षा, कुठला पॅटर्न, किती दिवस उरलेत’ अशी प्रश्नावली पाठवली की ती दोन दिवस उत्तरच देत नाही. मी एकच प्रश्न विचारते, ‘परीक्षा कधी आणि लेखी की व्हायवा?’, आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागते. उत्तर आलंच नाही तर लेखी परीक्षा आठवड्यावर आहे असं धरते आणि पाठवताना तसं सांगते.

बाकीचं फाइलमधून कळतं. सुरुवातीला उद्दिष्टांची स्लाइड असते, तिच्यात शिक्षकांनी काय अपेक्षित आहे ते जवळपास लिहून दिलेलं असतं. ‘नावे सांगा’ असेल तर पाठांतराची कार्डं लागतील, ‘स्पष्ट करा’ किंवा ‘फरक सांगा’ असेल तर कारण विचारणारे प्रश्न लागतील. या फाइलमध्ये तीन उद्दिष्टं होती: गाळण्याची क्रिया स्पष्ट करणे, नेफ्रॉन या किडनीतल्या सूक्ष्म गाळणीच्या प्रत्येक भागात काय शोषलं जातं ते सांगणे, आणि एडीएच व अल्डोस्टेरॉन या दोन हॉर्मोन्समधला फरक सांगणे. किडनीची रचना त्यात कुठेच नव्हती, तरी सात स्लाइड रचनेच्याच होत्या. तो आधीच्या पाठाचा उजळणीचा भाग होता.

मग छाननी. शीर्षक, उद्दिष्टं, चार विभागांची नावं, संदर्भ आणि धन्यवाद अशा आठ स्लाइड बाजूला काढल्या. नेफ्रॉनचं एकच चित्र वेगवेगळा भाग रंगवून सहा वेळा आलं होतं, त्यातलं एक ठेवून पाच काढली. रचनेच्या सात काढल्या. उरल्या बावीस. स्लाइडमागे ठरावीक कार्डं असा हिशेब मी करत नाही. एखाद्या स्लाइडमधून पाच कार्डं निघतात, तर एखादीतून एकही निघत नाही. या बावीस स्लाइडमधून शेवटी सव्वीस कार्डं आणि आठ प्रश्नांचा संच झाला. आठवड्याभरात एवढं झेपतं. शंभर कार्डं पाठवली तर ती पहिल्या दिवशी उत्साहाने सुरू होतात आणि तिसऱ्या दिवशी बंद पडतात.

पीडीएफ असेल तर एक काळजी घ्या. मूळ पीपीटीत एकामागून एक उमटणारा मजकूर पीडीएफमध्ये एकावर एक छापला जातो, आणि चित्राची नावं त्याखाली दडतात. मूळ फाइल मिळत असेल तर ती मागा. तिच्यात स्लाइडखाली शिक्षकांच्या टिपा असू शकतात, आणि वर्गात तोंडी सांगितलेलं बरंचसं तिथेच लिहिलेलं असतं.

स्लाइडवर नसलेलं ओळखा

खरं काम इथे आहे. स्लाइडवर तुकडे असतात आणि त्यांना जोडणारं वाक्य शिक्षक वर्गात बोललेले असतात. विद्यार्थ्याकडे फक्त तुकडे उरतात. या फाइलमधली सतरावी स्लाइड नेफ्रॉनच्या यू आकाराच्या वळणाची होती:

लूप ऑफ हेनले
– उतरती बाजू: पाणी बाहेर पडते
– चढती बाजू: पाणी बाहेर पडत नाही
– जाड चढती बाजू: सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडचे शोषण
– मेडुलात क्षारांचे प्रमाण वाढते
– फ्युरोसेमाइड येथे काम करते

पाच ओळी सुट्या वाचल्या तर पाच पाठांतरं. पण तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये ‘म्हणून’ आहे. जाड चढत्या बाजूतून क्षार बाहेर काढले जातात, पण त्यांच्यामागून पाणी जाऊ शकत नाही, म्हणून आजूबाजूचा मेडुला, म्हणजे किडनीचा आतला भाग, खारट होतो. मेडुला खारट आहे म्हणूनच पुढे कलेक्टिंग डक्ट या शेवटच्या नळीतून पाणी परत ओढलं जातं. पाचव्या ओळीतलं औषध हे क्षार काढणारं वाहक प्रथिनच बंद करतं. त्यामुळे क्षार नळीतच राहतात, मेडुलाचा खारटपणा कमी होतो, पाणी परत ओढलं जात नाही आणि लघवी वाढते. हा ‘म्हणून’ सापडला की त्या स्लाइडचा सर्वांत मोलाचा प्रश्न सापडला.

मी कागदावर प्रत्येक स्लाइडच्या क्रमांकापुढे दोनच गोष्टी लिहिते: यातलं पाठ करायचं काय, आणि यातला ‘म्हणून’ कोणता. पहिल्याची कार्डं होतात. दुसऱ्यातून प्रश्नसंच होतो. कार्डं की क्विझ हा वाद मग उरतच नाही.

कार्ड लिहिताना

वरच्या स्लाइडचं वाईट कार्ड असं होतं: ‘लूप ऑफ हेनलेची माहिती सांग.’ मागे पाचही ओळी. मुलगी त्यातल्या तीन सांगते, कार्ड उलटते, आणि आपलं उत्तर बरोबर धरायचं की चूक हे तिला कळत नाही. कळत नाही तेव्हा ती ‘आलं’ असंच धरते. कार्डावर एकच उत्तर असावं आणि ते बरोबर की चूक हे क्षणात ठरावं, एवढा एक नियम पाळला तरी बरंच साधतं.

त्याच स्लाइडची माझी कार्डं अशी झाली. ‘लूप ऑफ हेनलेच्या कोणत्या बाजूतून पाणी बाहेर पडू शकत नाही?’ मागे: चढती बाजू. ‘जाड चढत्या बाजूतल्या वाहकातून सोडियम आणि क्लोराइडबरोबर तिसरा कोणता आयन जातो?’ मागे: पोटॅशियम. ‘फ्युरोसेमाइड नेफ्रॉनच्या कोणत्या भागात काम करतं?’ मागे: जाड चढती बाजू. दुसऱ्या कार्डात मुद्दाम तिन्ही नावं विचारलेली नाहीत. यादी विचारली की दोन आठवतात आणि एक राहतं, आणि दरवेळी तेच एक राहतं. जे राहतं तेवढंच विचारावं.

हो-नाहीची कार्डं टाळावीत. ‘चढती बाजू पाण्याला अभेद्य असते का?’ असं विचारल्यावर उत्तर ‘हो’ आहे हे प्रश्नाच्या सुरावरूनच कळतं.

आकड्यांच्या बाबतीत या धड्यात एक खास सापळा आहे. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. रक्तातली साखर सुमारे १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की ती लघवीत उतरायला लागते. आकडा एकच, गोष्टी दोन. ‘किडनीच्या संदर्भात १८० म्हणजे काय?’ असं कार्ड केलं तर दोन्ही आठवणी एकमेकींत अडकतात. म्हणून प्रश्नातच एकक घालावं: ‘दिवसाला किती लिटर द्रव गाळला जातो?’ आणि ‘रक्तातली साखर किती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेली की लघवीत दिसते?’ ही दोन कार्डं पहिले दोन दिवस लागोपाठ येऊ देऊ नयेत.

चित्राच्या स्लाइडचं कार्ड शब्दांत करू नये. नेफ्रॉनचं चित्र घ्यावं, एका भागाचं नाव झाकावं आणि ‘हा भाग कोणता, इथे काय शोषलं जातं?’ एवढंच विचारावं. अँकी या फ्लॅशकार्डांच्या अॅपच्या नव्या आवृत्त्यांमध्ये चित्रावर चौकोन ठेवून झाकायची सोय आहे. कागदावर करायचं असेल तर चित्राची झेरॉक्स काढून नावांवर खोडरंग लावला तरी चालतं.

भाषेबद्दल एक सांगते. तिची परीक्षा इंग्रजीत आहे, म्हणून भागांची आणि हॉर्मोन्सची नावं कार्डांवर परीक्षेत लिहायची तशीच ठेवली आणि कारणं मराठीत लिहिली. ‘संग्राहक नलिका’ असा शब्द घडवून दिला असता तर परीक्षेच्या हॉलमध्ये तिला आधी भाषांतर करावं लागलं असतं.

स्लाइड चुकलेली असू शकते

नवव्या स्लाइडवर लिहिलं होतं: ‘जीएफआर १२५ मि.ली. प्रति मिनिट, म्हणजे दिवसाला १८ लिटर.’ जीएफआर म्हणजे किडन्या द्रव गाळतात तो वेग. असे दोन आकडे शेजारी आले की गुणाकार करून बघायचाच. दिवसात १,४४० मिनिटं. १२५ गुणिले १,४४० म्हणजे १,८०,००० मिलिलिटर, म्हणजेच १८० लिटर. टाइप करताना एक शून्य राहिलं होतं.

अशा वेळी गुपचूप दुरुस्त करू नये आणि आहे तसं कार्डावरही उतरवू नये. कार्डावर १८० लिहिलं आणि खाली टीप घातली: ‘स्लाइड ९ वर १८ आहे. गुणाकार केल्यावर १८० येतात. सरांना एकदा विचार.’ मुलगी वर्गातली स्लाइड आणि माझं कार्ड शेजारी ठेवून बघणारच. तेव्हा तिचा गोंधळ व्हायला नको, आणि शिक्षकांना विचारायचा मुद्दा तिच्या हातात असायला हवा. याचसाठी प्रत्येक कार्डावर स्लाइडचा क्रमांक घालते.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. मला या विषयातलं स्लाइडपेक्षा जास्त येतं, म्हणून ते कार्डांत ओतायचा मोह होतो. स्लाइडवर नसलेली गोष्ट घ्यायची ती फक्त ‘म्हणून’ जोडण्यापुरती. त्यापलीकडचं काही घेतलंच तर ‘हे स्लाइडबाहेरचं’ असं स्पष्ट लिहावं.

प्रश्नसंच

बहुपर्यायी प्रश्नात चुकीचे पर्याय लिहिणं सर्वांत अवघड असतं. पर्याय उगाच कुठून तरी उचलले तर प्रश्न सोपा होतो, आणि चुकल्यावर काय चुकलं तेही कळत नाही. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे विद्यार्थी खरोखर करतात तो एखादा गोंधळ असावा. तिसऱ्या उद्दिष्टासाठी केलेला हा प्रश्न पाहा:

‘डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला दिवसाला आठ लिटर पातळ लघवी होते, सतत तहान लागते. लघवीत साखर नाही. कोणत्या हॉर्मोनची कमतरता संभवते?’
अ) अल्डोस्टेरॉन  ब) इन्सुलिन  क) एडीएच  ड) कॉर्टिसॉल

उत्तर ‘क’. एडीएच पिट्युटरीच्या मागच्या भागातून सुटतं आणि कलेक्टिंग डक्टमधून पाणी परत घ्यायला लावतं. ते कमी पडलं की पाणी तसंच वाहून जातं. ‘अ’ निवडलं तर एडीएच आणि अल्डोस्टेरॉन यांची सरमिसळ आहे. अल्डोस्टेरॉन सोडियम परत घ्यायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावतं, आणि ते येतं अॅड्रिनलमधून. ‘ब’ निवडलं तर ‘खूप लघवी म्हणजे मधुमेह’ एवढंच आठवलं आणि ‘साखर नाही’ हे शब्द सुटले. ‘ड’ निवडलं तर बहुधा अंदाजाने उत्तर दिलं.

प्रत्येक उत्तराखाली हे असं दोन-तीन ओळींत लिहून देते. नुसतं ‘बरोबर उत्तर क’ लिहिलं की चूक तशीच राहते. लिहून झाल्यावर पर्यायांवर पुन्हा एक नजर टाकावी: बरोबर उत्तर इतरांपेक्षा लांब तर झालं नाही ना? आपण बरोबर उत्तर नेमकं करायच्या नादात मोठं लिहितो आणि हुशार मुलं धडा न वाचता त्यावरूनच ओळखतात.

आठांपैकी तीन प्रश्न पर्यायांशिवायचे ठेवले, दोन-तीन वाक्यांत उत्तर लिहायचे. ‘फ्युरोसेमाइड दिल्यावर लघवी का वाढते?’ हा त्यातला एक. पर्याय समोर असले की तो ‘म्हणून’ स्वतः जोडावा लागत नाही. आणखी एक, ग्लोमेरुलस म्हणजे रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या पुंजक्यावरचा: ‘ग्लोमेरुलसकडे रक्त आणणारी बारीक धमनी आकसली तर जीएफआरचं काय होईल, आणि बाहेर नेणारी थोडी आकसली तर?’ पहिल्यात कमी होतो, दुसऱ्यात वाढतो. स्लाइडवर या दोन धमन्यांचं फक्त चित्र होतं, बाण दाखवलेले होते, आणि स्पष्टीकरण बहुधा वर्गातच झालं असावं.

पाठवायचं कसं

मी अँकी वापरते. संगणकावर मोफत आहे, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइडही मोफत आहे, आयफोनवर मात्र विकत घ्यावं लागतं. कार्डं एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहायची, प्रश्न, उत्तर आणि खूण म्हणजे टॅग यांच्यामध्ये अर्धविराम द्यायचा, आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची. नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात.

```
#separator:Semicolon
#tags column:3
एडीएच नेफ्रॉनच्या कोणत्या भागात काम करतं?;कलेक्टिंग डक्ट;स्लाइड३१
दिवसाला किती लिटर द्रव गाळला जातो?;सुमारे १८० लिटर (स्लाइडवर १८ आहे, सरांना विचार);स्लाइड९
```

प्रश्नात किंवा उत्तरात अर्धविराम आला तर रकाने सरकतात, त्यामुळे तिथे स्वल्पविराम वापरावा. खुणेत मोकळी जागा सोडू नये. फाइल संगणकावर आयात करायची, दहाएक कार्डं उलटून बघायची, मग संच `.apkg` म्हणून बाहेर काढायचा. बाहेर काढताना आपल्या उजळणीच्या तारखा सोबत जाणार नाहीत असा पर्याय निवडावा. नाहीतर आपण चाचणीसाठी उलटलेली कार्डं तिच्याकडे ‘येतात’ म्हणून लपतात. ही फाइल व्हॉट्सअॅपवरून कागदपत्र म्हणून जाते.

फोनवर नको असेल तर ए-फोर कागदाचे आठ तुकडे करून पुढे प्रश्न, मागे उत्तर. चुकलेली गठ्ठ्याच्या वर, आलेली तीन दिवसांसाठी बाजूला.

सोबतचा निरोप छोटा पण पूर्ण असावा. मी लिहिलं: ‘रचनेच्या सात स्लाइड सोडल्यात, तुमच्या उद्दिष्टांत नव्हत्या. हव्या असतील तर सांग. स्लाइड ९ वर एक आकडा चुकलाय असं वाटतं, कार्डावर लिहिलंय. आधी दहा कार्डं कर आणि कुठलं विचित्र वाटलं ते कळव. प्रश्नसंच बुधवारी सोडव, आज नको.’ काय सोडलं हे सांगणं फार गरजेचं आहे, नाहीतर संच म्हणजेच सगळा धडा असं ती धरून चालेल.

रात्री उत्तर आलं: ‘ताई, लेखी आहे, पुढच्या सोमवारी. आणि ते एडीएचचं कार्ड माझं सारखं चुकतंय.’ मूळ कार्डावर मी ‘एडीएच कुठे काम करतं?’ एवढंच लिहिलं होतं. ती ‘किडनीत’ म्हणायची. तिचं उत्तर बरोबरच होतं, मी प्रश्न सैल लिहिला होता. एखादं कार्ड दोन-तीनदा सारखंच चुकत असेल तर आधी प्रश्न तपासावा. त्याला आणखी एखादं बरोबर उत्तर निघतं का, ते पाहावं. मी ‘नेफ्रॉनच्या कोणत्या भागात’ हे शब्द घातले, वरच्या फाइलमध्ये तेच दिसतंय.

दुरुस्ती करताना एक ध्यानात ठेवा. अँकी कार्ड ओळखतं ते पहिल्या रकान्यावरून. उत्तर बदलून फाइल पुन्हा आयात केली तर जुनंच कार्ड सुधारतं. पण प्रश्नाचे शब्द बदलले तर ते नवं कार्ड धरलं जातं आणि जुनं सैल कार्डही तिथेच राहतं. म्हणून प्रश्न बदलायचा असेल तेव्हा तिला फोनवरच ते कार्ड उघडून शब्द बदलायला सांगितलं, आणि माझ्या फाइलमध्येही तसाच बदल करून ठेवला.